वर्गमित्रांचे धार्मिक दृष्टिकोन तपासणारी प्रश्नावली: नाव न विचारणे पुरेसे नाही

प्रश्न: मी बेळगावच्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्र शिकते. ‘वर्गमित्रांचे धार्मिक दृष्टिकोन’ असा प्रोजेक्ट घेतला आहे. वर्गात आम्ही ५८ जण आहोत. मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडे कोकणी बोलणारे. गूगल फॉर्म करून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा विचार आहे. नाव विचारणार नाही. धर्म, मुलगा की मुलगी, घरची भाषा आणि खेडे की शहर एवढेच विचारेन, आणि पुढे ‘सर्व धर्म समान आहेत असे वाटते का’ अशा स्वरूपाचे प्रश्न असतील. प्रश्नावली कशी करावी आणि कोणती काळजी घ्यावी?

उत्तर:

सुरुवात त्या चार साध्या प्रश्नांपासून करतो, कारण सगळ्यांत मोठा धोका तिथेच आहे. धर्माला हिंदू, लिंगायत, मुस्लिम, जैन, ख्रिश्चन, बौद्ध असे सहा पर्याय दिले, त्यांना मुलगा-मुलगी हे दोन, घरच्या भाषेचे चार आणि खेडे-शहर हे दोन जोडले, तर सहा गुणिले दोन गुणिले चार गुणिले दोन असे ९६ कप्पे होतात. वर्गात माणसे ५८. म्हणजे बहुतेक कप्पे रिकामे राहणार आणि जे भरतील त्यांतल्या कित्येकांत एकच माणूस असणार. ‘जैन, मुलगी, घरी मराठी, खेड्यातली’ एवढे वाचल्यावर वर्गातल्या कोणालाही ती कोण हे सांगावे लागणार नाही. हजारो अनोळखी माणसांच्या पाहणीत नाव गाळले की ओळख बरीच झाकली जाते. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे नाव हा ओळखीचा फक्त एक धागा असतो आणि उरलेले धागे आपणच प्रश्न म्हणून विचारलेले असतात.

म्हणून प्रश्नावली पहिल्या प्रश्नापासून लिहू नये, शेवटच्या तक्त्यापासून लिहावी. अहवालात कोणते तक्ते छापणार हे आधी कोऱ्या कागदावर आखा, प्रत्येक घरात अंदाजे किती माणसे येतील ते पेन्सिलीने लिहा, आणि पाचपेक्षा कमी माणसे येतील असे घर दिसले की तो तक्ता रद्द करा. ज्या माहितीचा तक्ता छापता येत नाही ती माहिती विचारण्याचे कारणच उरत नाही. हे केल्यावर तुमच्या लक्षात येईल की धर्मानुसार विभागलेला जवळजवळ एकही तक्ता ५८ जणांच्या वर्गात टिकत नाही.

यावरून माझे स्पष्ट मत असे, की या प्रोजेक्टमध्ये उत्तर देणाऱ्याचा धर्म विचारू नये. हे ऐकून मार्गदर्शक म्हणतील की मग धार्मिक दृष्टिकोनांचा अभ्यास कसला. पण ‘कोणत्या धर्माचे विद्यार्थी काय मानतात’ हा एकच प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे असे नाही, आणि एका वर्गावरून त्याचे उत्तर देताही येत नाही; चार ख्रिश्चन विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून ख्रिश्चनांविषयी काही लिहिणे ही पाहणी नसते, ती चौघांची झडती असते. त्याऐवजी प्रश्न असा घ्या: जे स्वतः धर्माचे आचरण अधिक करतात ते वेगळ्या धर्माच्या माणसाला जवळ करण्यात अधिक अवघडतात का, की या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही? हा समाजशास्त्राचा खरा प्रश्न आहे, त्याचे उत्तर आधीपासून कोणालाच ठाऊक नाही, आणि तो तपासण्यासाठी कोणाचाही धर्म माहीत असण्याची गरज नाही.

तरीही विभागाने आग्रहच धरला तर तीन-चार वर्ग एकत्र करून संख्या दोनशेच्या आसपास न्या, धर्माचा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवा आणि ‘सांगायचे नाही’ हा पर्याय इतर पर्यायांच्याच ठशात छापा. आपल्या भागात लिंगायतांना स्वतंत्र पर्याय द्यावा लागेल. २०११ च्या जनगणनेत सहा प्रमुख धर्मांच्या यादीत त्यांची वेगळी गणना नाही. दुसरीकडे २०१८ मध्ये राज्य सरकारने लिंगायतांना वेगळा धार्मिक दर्जा द्यावा अशी शिफारस केली आणि केंद्राने ती मान्य केली नाही. या वादात तुमच्या प्रश्नावलीने बाजू घेण्याचे कारण नाही. कोणी स्वतःला हिंदू म्हणेल, कोणी लिंगायत. ज्याने जी खूण केली ती तशीच ठेवावी आणि नंतर टेबलावर बसून दोन गट एकत्र करू नयेत. जात मात्र कोणत्याही परिस्थितीत विचारू नये.

आता मुख्य प्रश्नांकडे येऊ. ‘सर्व धर्म समान आहेत’ किंवा ‘सर्व धर्मांचा आदर करावा’ या धाटणीचे विधान ठेवले तर ५८ पैकी पन्नासच्या वर मुले ‘पूर्ण सहमत’ला खूण करतील, आणि त्यातून कळेल एवढेच की शाळेच्या प्रार्थनेत आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकात काय शिकवले जाते. जे विधान सगळ्यांना एकाच बाजूला ढकलते ते माणसामाणसांतला फरक दाखवत नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे तीस हजार प्रौढांची १७ भाषांत पाहणी केली; तिचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यात ८४ टक्के लोकांनी सांगितले की खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे फार महत्त्वाचे आहे. त्याच पाहणीत हिंदूंपैकी ६७ टक्के आणि मुस्लिमांपैकी ८० टक्के लोकांनी असेही म्हटले की आपल्या समाजातल्या स्त्रियांचे दुसऱ्या धर्मात होणारे विवाह थांबवणे फार महत्त्वाचे आहे. माणसे खोटे बोलली असा याचा अर्थ नाही. आदर हे तत्त्व आहे, अंतर हा व्यवहार आहे, आणि दोन्ही एकाच माणसाच्या मनात सुखाने राहतात. तुमच्या प्रश्नावलीने तत्त्व विचारले तर तत्त्वच मिळेल.

तेव्हा प्रश्नांचे दोन भाग करा. पहिल्या भागात आचरण विचारा, आणि ते ‘तुम्ही धार्मिक आहात का’ असे न विचारता ठरावीक काळातली कृती म्हणून विचारा. उदाहरणार्थ: ‘गेल्या सात दिवसांत पूजा, प्रार्थना, नमाज, जप, ध्यान यांपैकी काही, तुमच्या घरच्या पद्धतीने, तुम्ही स्वतः किती दिवस केले?’ पर्याय: एकही दिवस नाही, एक-दोन दिवस, तीन ते पाच दिवस, सहा-सात दिवस, सांगायचे नाही. यात ‘स्वतः’ हा शब्द गाळू नका, कारण घरात आईने दिवा लावला आणि आपण समोरून गेलो यालाही काही जण पूजा धरतात. असे तीन-चार प्रश्न पुरेत.

या भागात काळ फसवतो. श्रावणात ही प्रश्नावली वाटली तर वर्गातल्या मोठ्या गटाचे आचरण फुगलेले दिसेल. रमजानमध्ये, पर्युषणात किंवा ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दुसऱ्या कोणाचे. गणेशोत्सवात तर बेळगावात कोणालाच सामान्य आठवडा मिळत नाही. असा आठवडा निवडा की मागेपुढे कोणाचाही मोठा सण नाही, आणि तारीख अहवालात लिहा. १ नोव्हेंबरच्या आसपासचे दिवसही टाळा. त्या दिवशी शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळा दिवस असतो, आणि आपल्याकडे भाषेचा ताण चढला की धर्माविषयीची उत्तरेही त्याच रंगाने येतात. निवडणुका किंवा एखादी ताजी धार्मिक घटना असेल तर सरळ पंधरा दिवस थांबावे.

दुसरा भाग जवळिकीचा. एमोरी बोगार्डस या समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये सामाजिक अंतर मोजण्याची पायऱ्यांची पद्धत मांडली. तुमच्या अभ्यासक्रमात ती असेलच. कल्पना अशी की संबंधांच्या पायऱ्या दुरून जवळ अशा लावायच्या आणि माणूस कोणत्या पायरीपर्यंत मोकळेपणाने येतो ते पाहायचे. बोगार्डसच्या पायऱ्या विवाहापासून देशातून बाहेर ठेवण्यापर्यंत जातात. त्या जशाच्या तशा उचलू नका. वर्गातल्या मुलांच्या रोजच्या जगण्यातल्या पायऱ्या घ्या. प्रोजेक्टच्या गटात घेणे, बसमध्ये किंवा बाकावर रोज शेजारी बसणे, सणाला आपल्या घरी बोलावणे, त्याच्या किंवा तिच्या घरी जेवायला जाणे, वसतिगृहात एका खोलीत राहणे, आपल्या घराचा वरचा मजला त्या कुटुंबाला भाड्याने देणे. प्रत्येकापुढे पाच पर्याय: सहज चालेल, चालेल, थोडे अवघड वाटेल, नको वाटेल, सांगायचे नाही.

यातली एक पायरी जवळून पाहू, कारण आपल्या भागात ती हमखास चुकते. ‘वेगळ्या धर्माच्या वर्गमित्राच्या घरी जेवायला जाणे’ हा प्रश्न दिसायला निरुपद्रवी आहे. पण चिकोडी-निपाणीकडच्या जैन मुलीला आणि घरी कडक शाकाहार पाळणाऱ्या लिंगायत मुलाला तो ‘मांसाहारी स्वयंपाकघरात शिजलेले जेवाल का’ असा वाचला जातो; मुस्लिम मुलाला ‘हलाल नसलेले खाल का’ असा. तिघेही ‘नको’ला खूण करतील आणि तुमच्या तक्त्यात ते तिघे असहिष्णू ठरतील, प्रत्यक्षात त्यांनी फक्त आहाराचा नियम सांगितलेला असतो. चुकीची खूण अशी दिसते: जो माणूस ‘एका खोलीत राहणे सहज चालेल’ म्हणतो तोच ‘घरी जेवायला जाणे नको’ म्हणतो. पायऱ्या नीट लावल्या असतील तर अधिक जवळची पायरी मान्य करणारा माणूस सहसा दूरची पायरी नाकारत नाही. ५८ कागदांत असा उलटा क्रम दोन-तीन ठिकाणी आला तर घाईत झालेली खूण समजावी. सात-आठ ठिकाणी आणि तेही एकाच प्रश्नावर आला, तर तो प्रश्न काहीतरी दुसरेच मोजतो आहे. दुरुस्ती सोपी आहे: ‘जेवण तुमच्या खाण्याच्या नियमांना धरून असेल असे समजा, वेगळ्या धर्माच्या वर्गमित्राच्या घरी सणाच्या दिवशी जेवायला जाणे तुम्हाला कसे वाटेल?’ वाक्य लांबले तरी चालेल, पण आहार आणि अंतर यांची गाठ सुटते.

दुसरी अशीच गाठ ‘तुम्ही दुसऱ्या धर्माच्या स्थळी कधी गेला आहात का’ या प्रश्नात असते. आपल्याकडच्या कित्येक खेड्यांत पिराला नवस बोलणारी आणि मोहरमच्या पंजांना पाणी घालणारी हिंदू घरे आहेत. त्यांच्या लेखी ते दुसऱ्याचे स्थळ नसतेच, गावचे देवस्थान असते. असा मुलगा ‘नाही’ असे उत्तर देईल आणि ते त्याच्या परीने खरे असेल. बेळगावच्या किल्ल्यात फेरफटका मारणाऱ्याला कमल बस्ती, दुर्गादेवीचे मंदिर आणि साफा मशीद हे सगळे एकाच तटाच्या आत भेटते. तो ‘गेलो आहे’ म्हणेल, पण फिरायला. म्हणून ‘दुसऱ्या’ हा शब्द काढून टाका. मंदिर, मठ, बस्ती, दर्गा, मशीद, चर्च, विहार, गुरुद्वारा अशी यादी द्या आणि ‘गेल्या वर्षभरात दर्शनाला, प्रार्थनेला किंवा नवसाला यांपैकी जिथे जिथे गेलात तिथे खूण करा’ असे विचारा. किती प्रकारच्या ठिकाणी खुणा आहेत एवढेच मोजायचे. एकच सावधगिरी: ‘फक्त मशीद’ किंवा ‘फक्त चर्च’ अशी खूण धर्म उघड करते, म्हणून संगणकात ठिकाणांची नावे भरू नका, खुणांची संख्या भरा.

जवळिकीच्या प्रश्नांत समोरच्याचा धर्म नावाने लिहावा का, असा प्रश्न तुम्हाला पडेल, आणि तो योग्य आहे. ‘वेगळ्या धर्माचा वर्गमित्र’ असे मोघम लिहिले तर एक जण मनात जैन मित्र आणतो, दुसरा मुस्लिम, तिसरा ख्रिश्चन, आणि तिघांची उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची होतात. ही खरी उणीव आहे. तरी मी मोघमच लिहा असे सांगेन. धर्माची नावे लिहिलेली प्रश्नावली वर्गात फिरली की तिचा फोटो निघतो, आणि ‘अमुक धर्माच्या मुलाला खोलीत घ्याल का’ एवढे एक वाक्य संदर्भ सोडून गावभर होते. ज्या मुलांचे नाव त्या ओळीत आहे त्यांना ते वर्गातच बसून वाचावे लागते. उणीव अहवालाच्या मर्यादांत लिहून मोकळे व्हा.

विवाहाची पायरी मी मुद्दाम घेतली नाही. प्यूने ती विचारली ती अनोळखी प्रौढांना, आणि तीही समाजात असे विवाह थांबवावेत का, अशा स्वरूपात. वीस वर्षांच्या मुलीला तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीने ‘वेगळ्या धर्मात लग्न करशील का’ विचारणे हे संशोधन राहत नाही, चौकशी होते, आणि वर्गात खरोखरच अशी एखादी जोडी असेल तर पाहणीने त्यांना अडचणीत आणलेच म्हणून समजा. त्याच कारणाने प्रेमसंबंध, धर्मांतर, गोमांस आणि मतदान यांविषयी एकही प्रश्न नको. हिजाबचाही नको. २०२२ मध्ये आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांनी तो वाद अनुभवला आहे, सर्वोच्च न्यायालयात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले, आणि ज्या वर्गात हिजाब घालणाऱ्या मुली आहेत तिथे त्याविषयीची प्रत्येक खूण त्या दोन-तीन मुलींविषयीची खूण होते.

प्रश्न एकूण पंधरा ते अठरा ठेवा. त्यांच्या भाषेविषयी एकच गोष्ट सांगतो, पण ती टाळू नका. मराठी, कन्नड आणि उर्दू असे वेगवेगळे कागद छापू नका, कारण कोणी कोणता कागद मागितला यावरूनच अर्धी ओळख पटते, आणि उर्दूचे सात कागद वेगळ्या गठ्ठ्यात आले की धर्म न विचारूनही विचारल्यासारखे होते. एकाच कागदावर प्रत्येक प्रश्न मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत एकाखाली एक छापा; उर्दू माध्यमातून आलेली बेळगावची मुले यांपैकी एक तरी बहुधा वाचतात, आणि वाचत नसतील तर इंग्रजीची तिसरी ओळ घाला. कन्नड मजकूर मराठी न पाहिलेल्या माणसाकडून पुन्हा मराठीत करून घ्या आणि मूळ मराठीशी ताडून पाहा.

आता वाटपाकडे. गूगल फॉर्म सोपा आहे, पण या वर्गासाठी मी तो वापरणार नाही. फॉर्ममध्ये `Collect email addresses` बंद ठेवले आणि `Limit to 1 response` बंद ठेवले, तरी उत्तरांच्या शीटमध्ये `Timestamp` हा रकाना राहतोच. लिंक ग्रुपवर पडली की मुले फॉर्म भरतात आणि लगेच ग्रुपवर ‘भरला’ असे टाकतात. शीटमध्ये ८.४१, ग्रुपवर ८.४२, ओळख पटवायला यापेक्षा अधिक काही लागत नाही, आणि ते शीट पाहणारी व्यक्ती त्याच ग्रुपमध्ये असते. शिवाय मोबाइलवर फॉर्म भरताना शेजारी मैत्रीण, घरी भाऊ, वसतिगृहात सगळी खोली असते.

कागदच बरा, पण त्याचीही रीत आहे. उत्तरे फक्त खुणांनी द्यायची, लिहायचा एकही प्रश्न नको, कारण तीन वर्षे एकमेकांच्या वह्या उतरवलेल्या मुलांना अक्षर लगेच ओळखू येते. सगळ्यांना एकाच रंगाचे पेन द्या. वर्गात शिक्षक नकोत, हजेरीचा तास नको, ‘इंटर्नलचे गुण’ हा शब्द कोणाच्याही तोंडी नको. कागद वाटताना मोठ्याने वाचून दाखवा: हा प्रोजेक्ट कशासाठी आहे, उत्तर देणे पूर्ण ऐच्छिक आहे, कोणताही प्रश्न सोडता येईल, कागद कोण पाहणार आणि ते केव्हा नष्ट होणार. त्यानंतर सर्वांत महत्त्वाची पायरी: ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांनी उठून जायचे नाही आणि हातही वर करायचा नाही. त्यांनी कागद कोराच ठेवून, इतरांसारखीच चार घड्या घालून, त्याच वेळी त्याच बंद पेटीत टाकायचा. नकार देणारे कोण हे तुम्हालाही कळता कामा नये, कारण धर्माच्या विषयात नकार हेही लोक उत्तर म्हणून वाचतात. सहीचे संमतिपत्र घेऊ नका. सहीचा कागद हाच मग नावांची यादी होतो. भरलेला कागद पेटीत टाकणे हीच संमती, असे वरच्या निवेदनात लिहावे आणि मार्गदर्शकांकडून ते निवेदन आधी मंजूर करून घ्यावे.

याहून चांगला मार्ग उपलब्ध असेल तर तो म्हणजे अदलाबदल. दुसऱ्या महाविद्यालयात असाच प्रोजेक्ट करणारी विद्यार्थिनी शोधा. तिने तुमच्या वर्गाची पाहणी करावी, तुम्ही तिच्या. संशोधक आणि उत्तर देणारे एकमेकांना अनोळखी राहतात आणि वरच्यापैकी निम्म्या काळज्या आपोआप हलक्या होतात. प्रोजेक्टच्या शीर्षकातला ‘वर्गमित्र’ हा शब्द तेवढा ‘पदवीचे विद्यार्थी’ असा बदलावा लागेल.

वयाकडे लक्ष असू द्या. शेवटच्या वर्षाचा वर्ग बहुतेक वीसच्या आसपासचा असतो, पण संख्या वाढवण्यासाठी पीयूसीचे किंवा पहिल्या वर्षाचे वर्ग घेतलेत तर त्यात १८ वर्षांखालची मुले येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती मूलच धरली आहे, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत अशा वयाच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची तयारी या दोन्ही मागितल्या आहेत. पदवीच्या प्रोजेक्टसाठी हा व्याप करण्यापेक्षा ते वर्ग सोडून द्यावेत.

कोणीतरी तुम्हाला नाणेफेकीची युक्ती सुचवेल, आणि ती हुशारीची आहे: प्रत्येकाने गुपचूप नाणे उडवायचे, छाप आली तर खरे उत्तर द्यायचे, काटा आला तर काहीही असो ‘हो’ला खूण करायची. त्यामुळे कोणाही एकाचा ‘हो’ खरा की नाण्याचा हे कळत नाही, पण एकूण प्रमाण काढता येते. मूळ कल्पना वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली. तुमच्या वर्गात हिशेब असा होतो: ५८ पैकी साधारण २९ जणांना नाणे ‘हो’ म्हणायला लावेल. समजा एकूण ३७ ‘हो’ आले. त्यातले २९ वजा केले तर ८ उरतात, आणि खरे उत्तर देणाऱ्या २९ पैकी ८ म्हणजे सुमारे २८ टक्के. पण नाणी नेमकी २९ वेळाच तशी पडतील याची खात्री नसल्यामुळे खरे प्रमाण ३ टक्क्यांपासून ५२ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. एवढ्या रुंद पट्ट्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही. काही शे माणसे असतील तेव्हाच ती युक्ती वापरावी.

वाटपाआधी कच्ची प्रश्नावली दुसऱ्या विभागातल्या पाच-सहा मुलांना द्या. स्वतःच्या वर्गातल्यांना नको, नाहीतर प्रश्न आधीच फिरतील. ती मुले वेगवेगळ्या घरांतली असावीत. त्यांची उत्तरे पाहू नका, प्रत्येक प्रश्न वाचून झाल्यावर ‘हा प्रश्न तुला काय विचारतो आहे, तुझ्या शब्दांत सांग’ एवढेच विचारा. आहाराची आणि देवस्थानाची गाठ इथेच पहिल्यांदा हाती लागते. जिथे मूल थांबते, खोडते किंवा शेजारच्याकडे पाहते तिथे वाक्य बदलायला हवे.

मोजणी टक्क्यांत नको, आकड्यांत लिहा. ५८ जणांत एक माणूस म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के, आणि ‘१.७ टक्के विद्यार्थ्यांना नको वाटते’ हे वाक्य एका मुलाविषयी आहे हे वर्गात सगळ्यांना कळते. आचरणाचे कमी, मध्यम आणि अधिक असे तीन गट करा आणि प्रत्येक गटाची जवळिकीची पातळी तक्त्यात मांडा. समजा गट २१, २४ आणि १३ जणांचे झाले आणि शेवटच्या गटातल्या तेराही जणांनी वरचा मजला भाड्याने देणे ‘नको’ म्हटले. घरातला आकडा पाचपेक्षा मोठा आहे, म्हणून छापायला हरकत नाही असे वाटेल. पण रोज पूजा किंवा नमाज करणारे कोण हे वर्गाला माहीत असते, आणि सगळ्यांचे उत्तर एकच असल्यामुळे प्रत्येकाचे उत्तर उघड होते. असा तक्ता आला तर ‘मध्यम’ आणि ‘अधिक’ हे गट एकत्र करा. फक्त मुलींचा एक तक्ता आणि सगळ्यांचा दुसरा असेही छापू नका, वजाबाकीने तिसरा आपोआप तयार होतो. आणि जे काही निघेल ते या एका वर्गाविषयी आहे, बेळगावच्या तरुणांविषयी नाही. शीर्षकातही तसे लिहा.

राहिला अहवाल. अनेक महाविद्यालयांत भरलेल्या प्रश्नावल्या परिशिष्ट म्हणून मागे जोडायला सांगतात आणि ती बांधलेली प्रत विभागाच्या कपाटात कोणालाही चाळता येईल अशी राहते. मार्गदर्शकांशी हे काम सुरू होण्याआधीच बोला, शेवटच्या आठवड्यात नाही. परिशिष्टात कोरी प्रश्नावली, वाचून दाखवलेले निवेदन आणि एकत्रित तक्ते द्यावेत. पाहणी खरोखर झाली की नाही याची मार्गदर्शकांना खात्री हवी असेल तर त्यांनी बंद पेटी उघडताना हजर राहून कागद मोजावेत, वाचू नयेत. संगणकात भरताना कागद आधी पत्त्यांसारखे पिसून घ्या, म्हणजे ओळींचा क्रम बाकांच्या क्रमाशी जुळणार नाही. कागदांचे फोटो काढू नका, फाइल ग्रुपवर किंवा मेलवर पाठवू नका, आणि तोंडी परीक्षा झाली की मार्गदर्शकांसमोर कागद फाडून टाका व तशी एक ओळ त्यांच्या सहीने घ्या. वर्गात निष्कर्ष मांडायचे झाले तर दोनच तक्ते दाखवा आणि ‘कोणी असे लिहिले असेल’ यावरची चर्चा सुरू होताच ती तिथेच थांबवा.